ब्लँक म्हणजे पाणी

मला राग लवकर येतो आणि तो बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर निघतो. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे तिथे कुणी मनावर घेत नाही. पण मी हे जे सांगणार आहे ते घरातलं नाही, लॅबमधलं आहे. आणि तिथे मी रागावले असते तरी परवडलं असतं. मी गप्प बसले.

भोपाळच्या अयोध्या नगरात एका लहानशा पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी बावीस वर्षं टेक्निशियन आहे. वडील इथल्या कारखान्यात बदलीवर आले आणि आम्ही इथलेच झालो. घरात मात्र मराठी पुण्याची, अगदी इस्त्री केलेली. आईनं त्या बाबतीत कुणाला सूट दिली नाही आणि मीही तो ताठा पुढे चालवला. आमच्या लॅबचे मालक डॉक्टर संध्याकाळी सहाला येतात, रिपोर्ट बघतात, सह्या करतात. सकाळी सातपासून तोवर लॅब म्हणजे मी. असं मीच सगळ्यांना सांगत असे.

आमच्याकडे सगळ्यात जास्त तपासणी साखरेची. रक्त घ्यायचं, ते गोठू द्यायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं, की वर पिवळसर सीरम सुटं होतं. ते लगेच वेगळं काढायचं, नाहीतर खालच्या पेशी त्यातली साखर खात बसतात. मग एक मिलिलिटर रिएजंटमध्ये, म्हणजे किटमधल्या तयार द्रावणात, दहा मायक्रोलिटर सीरम. रिएजंटमधलं एक एंझाइम साखरेला धरतं, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, आणि दुसरं एंझाइम ते वापरून गुलाबी रंग आणतं. साखर जास्त तेवढा रंग गडद. सदतीस अंशाला दहा मिनिटं ठेवलं की फोटोमीटर तो रंग मोजतो.

पण नुसता रंग मोजून साखर कळत नाही. त्यासाठी शेजारी दुसरी नळी लागते, स्टँडर्डची. तिच्यात सीरमऐवजी ज्यात साखर नक्की शंभर आहे असं पाणी. शंभर म्हणजे डेसिलिटरमागे शंभर मिलिग्रॅम. पेशंटच्या नळीचा आकडा भागिले स्टँडर्डचा आकडा गुणिले शंभर, की आला रिपोर्ट. चौथीतलं गणित आहे.

आणि तिसरी नळी ब्लँकची. तिच्यात फक्त रिएजंट. ना सीरम, ना स्टँडर्ड. रिएजंटचा स्वतःचा म्हणून जो काही रंग असेल तो या नळीत दिसतो. मशीनमध्ये आधी ती घालायची आणि सांगायचं, हे शून्य. मग पुढचे दोन्ही आकडे खरे.

मी ही तिसरी नळी करत नसे. मशीन शून्यावर आणायला मी साधं डिस्टिल्ड वॉटर घालायची. ताजं रिएजंट पाण्यासारखंच दिसतं, मग एक मिलिलिटर कशाला वाया घालवा? एका किटमध्ये तेवढ्याच जास्त तपासण्या निघतात. सुरुवातीच्या वर्षी डॉक्टरांनी यावर माझं कौतुक केलं होतं आणि ते कौतुक मी बावीस वर्षं पुरवून पुरवून खाल्लं. माझ्या हाताखाली जी कुणी मुलगी आली तिला मी पहिल्या दिवशी हेच शिकवलं, ब्लँक म्हणजे पाणी. सगळ्यांनी मान डोलावली.

हिनं नाही डोलावली.

ही मुलगी भोपाळच्याच बाग सेवनिया वस्तीतून यायची, दोन बस बदलून. घर मूळचं विदर्भातलं. आजोबा सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आलेले, वडील क्लार्क. डिप्लोमा नुकताच झालेला. आमच्याकडे तिला सहा महिने काम करायचं होतं, कारण सहा महिन्यांच्या अनुभवाचं प्रमाणपत्र मिळालं की सरकारी रुग्णालयातल्या टेक्निशियनच्या जागेसाठी अर्ज करता येणार होता. हे तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. कॅलेंडरवर तिनं तारखेभोवती पेन्सिलीनं गोल केला होता. त्या दिवशी सहा महिने पूर्ण होणार आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी अर्जाची मुदत.

"ताई, ब्लँक रिएजंटचा नाही लावत का आपण?" पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं.

"कॉलेजात लावतात," मी म्हटलं. "इथे पेशंट असतात."

 पण किटच्या डब्यातला तो घडीचा कागद, जो आम्ही खोक्याबरोबर टाकून देत असू, तो तिनं काढून घेतला आणि चक्क वाचला. बारीक अक्षरात लिहिलेला, दोन्ही बाजूंनी. मला हसू आलं. दुपारी डबा खाताना मी तिच्या बोलण्याचीही नक्कल करायची. ती 'करून राहिली' म्हणायची, मध्येच 'मतलब' म्हणायची, डब्याला 'टिफिन' आणि घाईला 'जल्दी'. मी म्हणे, "अगं, मराठी बोल की. हे काय खिचडी शिजवून राहिलीस?" ती हसायची. तिला ते लागत असेल असं मला तेव्हा वाटलं नाही. खरं सांगायचं तर वाटलं होतं, पण मजा येत होती.

कामाला मात्र बोट ठेवायला जागा नव्हती. पिपेटचं टोक पुसल्याशिवाय नळीत घालायची नाही. अक्षर सुबक, म्हणून रजिस्टर मी तिच्याकडेच दिलं होतं. आमच्याकडे पद्धत अशी की रजिस्टर लिहील त्यानं शेवटी स्वतःची आद्याक्षरं टाकायची. मशीनवर कुणीही असो, आद्याक्षरं लिहिणाऱ्याची. ही पद्धतही माझीच.

मे महिन्यातली गोष्ट. रविवारी दुपारी आमच्या भागातला ट्रान्सफॉर्मर जळाला आणि वीज आली ती सोमवारी पहाटे. सकाळी लॅब उघडली तेव्हा फ्रिज नुकताच घरघरायला लागला होता, आतून कोमट. साखरेच्या रिएजंटची बाटली आधीच महिनाभर उघडी होती. तिनं ती बाहेर काढली, खिडकीशी धरली.

"ताई, हे गुलाबी दिसून राहिलं."

मी पाहिलं. इथे मला खोटं बोलायचं नाही. मला ते गुलाबी दिसलं. फिकट, दूध घातलेल्या रूहअफजा सरबतासारखं नाही, त्याच्याही पुष्कळ फिकट, पण गुलाबी. बाहेर बाकावर उपाशीपोटी आलेली अकरा माणसं बसली होती आणि नवीन किट उघडायचं म्हणजे पुन्हा अर्धा तास.

"चालतं तेवढं," मी म्हटलं.

"मग ब्लँक तरी रिएजंटचा लावू ना? कागदावर लिहिलंय, ब्लँक इतक्याच्या वर गेला तर..."

"हे बघ, तुझ्या कागदाआधीपासून मी साखर मोजते आहे. पाणी लाव." मग तिच्या हाताला वेळ लागतोय असं वाटून मीच क्युव्हेटमध्ये, मशीनच्या त्या छोट्या नळीत, पाणी घेतलं, मशीनमध्ये घातलं आणि शून्य केलं. ती नळ्या भरत होती. मी आकडे सांगत होते, ती लिहीत होती.

त्या अकरा जणांत आमच्याच गल्लीतली एक मुलगी होती, माझ्या शेजारणीची. सातवा लागला म्हणून माहेरी आलेली. लहान होती तेव्हा माझ्या ओट्यावर बसून गूळपोळी खायची, मला मावशी म्हणते. तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी साखरेची ती गरोदरपणातली तपासणी सांगितली होती. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. एकशेचाळीसच्या आत आलं तर ठीक, एकशेचाळीस किंवा वर गेलं तर गरोदरपणातला मधुमेह, मग पथ्य आणि पुढची देखरेख. तिच्या आजीला मधुमेह होता, त्यात पाय गेला होता. त्यामुळे माझी शेजारीण ते दोन तास बाकावर जपमाळ ओढल्यासारखी पदराचं टोक ओढत बसली होती.

स्टँडर्ड आलं शून्य पूर्णांक चारशे पन्नास. मुलीची नळी सहाशे पंचवीस. मी कॅल्क्युलेटरवर भागाकार केला, शंभरनं गुणलं. एकशे एकोणचाळीस.

मी बाहेर गेले ती हसतच. "एकशे एकोणचाळीस!" मी म्हटलं. "काठावर पास झाली तुमची लेक."

शेजारणीनं तिथेच हात जोडले. मुलगी म्हणाली, "मावशी, मग आज आमरस खाऊ ना?" मी म्हटलं, "दोन वाट्या खा." हे मी म्हटलं. डॉक्टर नाही, कुणी नाही, मी.

दुपारी गर्दी ओसरली. मी डबा खाऊन जरा डोळे मिटून बसले होते. ती मशीनपाशी काहीतरी करत होती. मला वाटलं, धुतेय. थोड्या वेळानं ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, हातात रजिस्टरमधून काढलेला एक कागद.

"ताई, रागावू नका. मी फक्त रिएजंट पाण्यावर मोजून पाहिलं. शून्य पूर्णांक एकशे पन्नास येतंय."

मला क्षणभर कळलं नाही. की कळलं, पण ते आत घ्यायचं नव्हतं.

"मतलब," ती म्हणाली, "स्टँडर्डच्या चारशे पन्नासमधले दीडशे रिएजंटचेच. खरं स्टँडर्ड तीनशे. आणि त्या तुमच्या शेजारच्या ताईंचे सहाशे पंचवीसमधले दीडशे गेले की चारशे पंच्याहत्तर." तिनं कागद पुढे केला. चारशे पंच्याहत्तर भागिले तीनशे गुणिले शंभर. खाली सुबक अक्षरात, एकशे अठ्ठावन्न.

"मी नवीन किट काढून त्यांचं उरलेलं सीरम परत लावलं. ब्लँक, स्टँडर्ड, सगळं घेऊन. एकशे एकोणसाठ आलं."

मी काय करावं? मी ओरडले. "तुला नवीन किट उघडायला कुणी सांगितलं?" हे माझे पहिले शब्द. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, मी तर अंगण दाखवणारीवरच धावले.  मग मी उठले, मशीनशेजारची पिपेट ओढून घेतली आणि सगळं पुन्हा स्वतः केलं, तिची काहीतरी गफलत सापडेल या आशेनं. दहा मिनिटं नळ्या गरम होत होत्या तोवर मी तिच्या कागदावरचा भागाकार पुन्हा पुन्हा करून पाहिला. मला आलं एकशे सत्तावन्न.

मग सकाळचं पूर्ण रजिस्टर आम्ही दोघी बघत बसलो. तेव्हा मला माझ्या पाण्याची खरी करामत कळली. गुलाबी रिएजंटचा रंग पेशंटच्या नळीतही मिसळला होता आणि स्टँडर्डच्याही. त्यामुळे ज्याची साखर शंभराच्या वर त्याची खाली ओढली गेली होती आणि ज्याची शंभराच्या खाली त्याची वर. त्या सकाळी आमच्या लॅबमध्ये कुणाला काही झालेलंच नव्हतं. सगळे शहाण्यासारखे शंभराच्या आसपास बसले होते. एक निवृत्त फिटर काका होते, साखरेच्या गोळ्या घेणारे. सकाळी हात थरथरतात अशी त्यांची तक्रार. मी त्यांना पंच्याहत्तर दिली होती. खरी आली बासष्ट.

"फोन करू या सगळ्यांना," ती म्हणाली.

आम्ही सगळे अकरा नमुने पुन्हा लावले. तिनंच लावले, खरं तर. मी सगळ्यांचे फोन नंबर काढत बसले. रजिस्टरमध्ये तिनं जुने आकडे खोडले नाहीत, एक रेघ मारून शेजारी नवे लिहिले आणि खाली पुन्हा तिची आद्याक्षरं टाकली. फिटर काकांना आधी फोन झाला. शेजारणीला फोन करायचं मी माझ्याकडे घेतलं, पण केला नाही. म्हटलं, समोर जाऊन सांगते.

सहाला डॉक्टर आले. सह्या करताना त्यांना खाडाखोड दिसली. त्यांनी रजिस्टर आपल्याकडे ओढलं. अकरा ओळी, अकरा रेघा.

"ये क्या है?"

मी सांगितलं, रात्रभर लाइट नव्हती, रिएजंट खराब झालं होतं, ते लक्षात आल्यावर सगळं पुन्हा केलं. यात एकही शब्द खोटा नव्हता. 

"ब्लँक किसने लगाया था?"

खोलीत आम्ही तिघंच. पंखा फिरत होता. डॉक्टरांचं बोट रजिस्टरच्या तळाशी होतं, आद्याक्षरांवर. तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, विनवणीनंही नाही. नुसतं पाहिलं, बस येईल म्हणून माणूस रस्त्याच्या टोकाकडे पाहतं तसं.

मी म्हणाले, "सर, नई है. सीख रही है."

एवढंच म्हणाले. नाव घेतलं नाही, बोट दाखवलं नाही. नंतर कितीतरी दिवस मी स्वतःची अशी समजूत काढत होते की मी तिच्यावर काही ढकललं नाही, उलट तिची बाजू घेतली. माणूस स्वतःला किती हुशारीनं फसवतं ते मला त्या एका वाक्यातून कळलं आहे.

डॉक्टर रागीट नाहीत, पण त्या दिवशी चिडले. एका गरोदर बाईचा रिपोर्ट चुकीचा गेला, उद्या कुणाचं काही बरंवाईट झालं तर? तुझ्यासारख्यांच्या हातात लॅब कशी द्यायची? तिनं तोंड उघडलं, "सर, वो मैंने ही दोबारा..." पण त्यांनी हात वर केला. उद्यापासून येऊ नकोस म्हणाले. इतके दिवस केलंस ते ठीक, पण प्रमाणपत्र मागू नकोस.

तिनं टिफिन उचलला. कॅलेंडरकडे तिनं पाहिलं नाही, मी पाहिलं. पेन्सिलीचा गोल अजून अठरा दिवस लांब होता. दारात चपला घालताना ती म्हणाली, "ताई, नवीन किटची तारीख बाटलीवर टाकली आहे." आणि गेली.

मी त्याच संध्याकाळी शेजारणीकडे गेले. ताटं मांडलेली होती, आमरसाची वाटी मुलीच्या ताटात. मी सांगितलं, पुन्हा तपासलं, एकशे अठ्ठावन्न आहे, उद्याच बाईंकडे जा. शेजारणीनं लेकीच्या ताटातली वाटी उचलून बाजूला ठेवली. मग तिनं माझे दोन्ही हात धरले. "तू होतीस म्हणून ग. दुसरी लॅब असती तर कुणी पुन्हा बघितलं असतं का?"

मी म्हणायला हवं होतं, मी नाही बघितलं. माझ्याकडे एक मुलगी होती, तिनं बघितलं, आणि तिला आम्ही तासाभरापूर्वी काढून टाकलं. पण मी म्हणाले, "अगं, ते आमचं कामच आहे."

पुढे सगळं चांगलं झालं. पथ्य, रोज संध्याकाळी चालणं, दर थोड्या दिवसांनी तपासणी. साखर आटोक्यात राहिली. मुलगी झाली, धडधाकट. जी तपासणी व्हायची ती आमच्याकडेच व्हायची आणि प्रत्येक वेळी मी तीन नळ्या लावायची. ब्लँकची नळी हातात घेतली की ती बाग सेवनियाची मुलगी खिडकीशी बाटली धरून उभी असलेली दिसायची. मी नजर मशीनवर ठेवायची.

बारशाला शेजारणीनं मला आग्रहानं बोलावलं. हॉल बायकांनी भरलेला. पाळणा हलवून झाला, नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या, आणि मग शेजारीण मला हाताला धरून पाटावर बसवायला लागली. मी म्हटलं, अगं माझी कसली ओटी, मी काय नवी लेकुरवाळी? ती ऐकेना. सगळ्यांना सांगायला लागली, "हिच्यामुळे आज हा दिवस. एकदा रिपोर्ट नॉर्मल आला होता, पण हिला शंका आली. हिनं स्वतः परत लावून बघितलं." मुलगी बाळ घेऊन शेजारी उभी, डोळे भरलेले. "मावशी, नाही म्हणू नका ना."

मी पदर पसरला. तांदूळ पडले, सुपारी, हळकुंड, खण, आणि शेवटी नारळ. नारळ मांडीवर आपटला तसा जड लागला. बायका कौतुकानं बघत होत्या. मला घाम फुटला होता आणि सगळ्यांना वाटलं, उकडतंय. कुणीतरी पंखा वाढवला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी ती ओटी तशीच एका पिशवीत घातली आणि बाग सेवनियाला गेले. पत्ता जुन्या अर्जावर होता. दार तिनंच उघडलं. कपाळाला पीठ लागलेलं. मला बघून चकित झाली, पण लगेच "या ना ताई" म्हणाली. आतून तिच्या आईनं पाणी आणून दिलं आणि मला आपल्या लेकीची जुनी मॅडम म्हणून नमस्कार केला. म्हणजे हिनं घरी काहीच सांगितलं नव्हतं.

आई आत गेल्यावर मी सगळं बोलले. भरभर, वाट सापडेल तसं. मी पाणी लावलं होतं, मला गुलाबी दिसलं होतं, मी डॉक्टरांपुढे गप्प बसले, शेजारणीकडेही गप्प बसले, काल माझी ओटी भरली. आणि ही ओटी तुझी आहे. मी पिशवी पुढे केली.

तिनं पिशवीत डोकावून पाहिलं. मग म्हणाली, "मला वाटलं होतं, तुम्ही बोलाल. मतलब, त्या वेळी. मी थांबले होते."

"हो," मी म्हटलं.

"सरांना सांगितलं का आता?"

मी मान हलवली. नाही.

तिनं पिशवी उचलून माझ्या मांडीवर ठेवली. रागानं ठेवली असती तर बरं झालं असतं. अगदी हलक्या हातानं ठेवली, नारळ वाजणार नाही अशी. "मग हे घेऊन जा ताई. चहा करते."

मी चहा प्याले. न पिता उठायची हिंमत नव्हती.

सोमवारी सहाला डॉक्टर आले आणि खुर्चीत बसायच्या आत मी सांगून टाकलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता बावीस वर्षं संपली. ते बराच वेळ रजिस्टरवरून हात फिरवत राहिले, मग एवढंच म्हणाले, "आपको तब बोलना था." मला काढलं नाही, रागावले नाहीत, पगारही कापला नाही. अनुभवी माणूस मिळत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. ज्या चुकीसाठी ती गेली त्याच चुकीसाठी मी राहिले. उलट त्यांनीच वाट दाखवली. म्हणाले, तिचं प्रमाणपत्र बनवा, सहा महिने लिहा, मी सही करतो. ती मुदत गेली, पण पुढची जागा निघेल तेव्हा कामाला येईल.

मी स्वतः टाइप केलं. काम अचूक, स्वभाव प्रामाणिक, सहा महिने. डॉक्टरांची सही, लॅबचा शिक्का. शेजारणीलाही त्याच रात्री सगळं सांगितलं. ती रडली नाही, भांडलीही नाही. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमरस खा म्हणालीस की तू." त्यानंतर ती बोलते, पण वाटीभर काही देऊन जाणं बंद झालं आहे.

रविवारी पुन्हा बाग सेवनिया. या वेळी पिशवी नव्हती, फक्त पाकीट. तिनं उभ्यानंच ते उघडलं आणि प्रमाणपत्र वाचलं, किटचा कागद वाचायची तसंच, वरपासून खालपर्यंत आणि मग मागची बाजूही उलटून. तिचा चेहरा जरा उजळला असं मला वाटलं. मग तिचं बोट एका जागी थांबलं.

"ताई, इथे सहा महिने लिहिलंय."

"हो अगं. सरांनीच सांगितलं. पुढच्या वेळी अर्ज करता येईल तुला. कोण बघतंय?"

माझं ते शेवटचं वाक्य बाहेर पडलं आणि मला ओळखीचं वाटलं. 'चालतं तेवढं' म्हणणारी तीच बाई बोलत होती.

तिनं कागद घडीवर घडी करून पाकिटात परत घातला आणि मला दिला.

"मी पाच महिने बारा दिवस होते," ती म्हणाली. "तेवढंच लिहून द्या."

मी म्हटलं, अगं, मग त्याचा तुला उपयोग काय? ती म्हणाली, "नाही होणार. पण तेवढंच आहे ना."

सोमवारी सकाळी सातला मी लॅब उघडली, रिएजंट बाहेर काढलं, तीन नळ्या लावल्या. त्या दहा मिनिटांत मी प्रमाणपत्र पुन्हा टाइप केलं. पाच महिने बारा दिवस.